प्रेम, मी आणि एक जागा

सोमवार, ३ सप्टेंबर २०१८

जागा एकच. परिपत्रकात तीनदा लिहिलंय. एकदा आकड्यात, एकदा अक्षरी, आणि खाली टीप म्हणून पुन्हा. जणू आम्ही दोघं भिंग घेऊन दुसरी शोधणार होतो.

नीळकंठ सर ३० नोव्हेंबरला निवृत्त. त्यांच्या खुर्चीवर नवा तालुका समन्वयक. बाहेर जाहिरात द्यायची नाही, बाभुळगावच्या ऑफिसातल्याच क्षेत्र अधिकाऱ्यांमधून घ्यायचा. बाभुळगावच्या ऑफिसात क्षेत्र अधिकारी किती? दोन. मी आणि प्रेम आडे.

बरं, फरक तरी किती असावा आमच्यात. दोघंही कृषी पदवीधर, एकाच सालचे. मला ६८.२ टक्के, त्याला ६८.४. संस्थेत रुजू झालो एकाच दिवशी, तो सकाळी दहाला, मी साडेदहाला, कारण माझी बस चुकली होती. पाच वर्षं एकच काम — कपाशीच्या शेतात जा, बोंडं फोड, गुलाबी अळ्या मोज, लिहून आण. यवतमाळला एकाच गल्लीत घरं. एका मोटरसायकलवर येणं-जाणं. एक दिवस त्याची गाडी, एक दिवस माझी.

आणि दोघंही अकरा महिन्यांच्या करारावर. समन्वयकाची जागा मात्र कायम.

परिपत्रक वाचून प्रेम म्हणाला, "चाल, चहा घेऊ." मी म्हणालो, "चल." चहावर आम्ही पंधरा मिनिटं पावसाविषयी बोललो. पाऊस पडतही नव्हता.

मंगळवार, ४ सप्टेंबर

आज गाडी त्याची. मी मागे. गावाबाहेर पडल्यावर त्यानं मान न वळवताच विषय काढला.

"अवध्या, तू अर्ज करून राह्यला ना?"

"हो. तू?"

"मीही." मग म्हणाला, "दोस्ती खराब नाई करायची पण."

तिथेच करार ठरला. एक — दुसऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही. दोन — कामाचं काही लपवायचं नाही. तीन — जो हरेल त्याला एक दिवस तोंड पाडून फिरायची परवानगी. फक्त एक दिवस. तिसरं कलम प्रेमचं. मी म्हणालो दोन दिवस ठेव. तो म्हणाला, "दोन दिवस कायले? तू आधीच हरला का?"

हसलो. पण घरी येऊन बायकोला, भैरवीला, सांगितलं तेव्हा तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि जिंकेल त्यानं काय करायचं, ते ठरवलं का?"

ते ठरवायचं राहिलं.

शनिवार, ८ सप्टेंबर

आज ऑफिसात प्रेमनं मला उठून खुर्ची दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला दिली. मग दोघंही उभे.

मंगळवार, ११ सप्टेंबर

करारातलं पहिलं कलम आम्ही जरा जास्तच मनावर घेतलंय.

सरांकडे बोंडअळीच्या सापळ्यांच्या फाइलवर सही घ्यायला गेलो. सहज म्हणालो, "सर, प्रेमसारखा माणूस या तालुक्यात मिळायचा नाही." वाईट बोलायचं नाही असं ठरलंय म्हणून चांगलं बोललो. शिवाय मोठ्या मनाचा दिसलो तर बिघडतं कुठे? — हे इथे लिहितो, तिथे बोललो नाही.

सरांनी चष्मा वर केला. "सकाळीच तोही हेच म्हणून गेला. तुझ्याबद्दल."

बाहेर आलो तर प्रेम पाण्याच्या माठाजवळ उभा. माझ्याकडे बघून गोड हसला. मला अजिबात आवडलं नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

शेतकऱ्यांच्या सभेत प्रेमनं माइक घेऊन सांगितलं, "मागच्या साली बोंडअळीनं सारं खाल्लं, तवा आपल्या तालुक्यात रात अन् दिस न पाहता फिरणारा एकच माणूस होता. अवधूत सर." मागच्या वर्षी त्या काळात मला कावीळ झाली होती. मी सहा आठवडे घरी होतो. पहिल्या रांगेतल्या खेमसिंगभाऊंना ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

आठवड्याच्या अहवालात बदला घेतला. लिहिलं — 'श्री. आडे यांनी भर पावसात चिखल तुडवत एकट्याने चाळीस कामगंध सापळे लावले.' लावले होते खरेच. फक्त एकट्याने नाही, मी सोबत होतो. स्वतःला वगळून टाकलं. वाक्य वाचताना मला माझाच अभिमान वाटला.

रविवार, १६ सप्टेंबर

हे लिहावं की नको.

प्रेमला सांगितलं होतं की आज आईकडे जातोय. त्यानं सांगितलं होतं की तो सासऱ्याकडे जातोय. मी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. गणपतीचे दिवस, गर्दी बेसुमार. पायऱ्या उतरून खाली रांगेत लागलो. माझ्यापुढे एक बाई, तिच्यापुढे एक आजोबा, आणि आजोबांच्या पुढे हातात दुर्वांची जुडी घेतलेला प्रेम.

मी खाली बसलो. चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवलं. चपला वर काढलेल्या होत्या.

"अवध्या?"

"अरे, तू?"

"सासरे इकडंच आले हायेत," तो म्हणाला.

"आईसुद्धा," मी म्हणालो.

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. ना सासरे, ना आई. मग त्यानं आपली दुर्वांची जुडी अर्धी करून मला दिली. मी आणलीच नव्हती. एकाच जुडीतल्या दुर्वा दोघांनी वाहिल्या. देवानं यातून काय समजायचं ते त्याचं तो बघेल.

परतताना त्यानं विचारलं, "काय मांगलं?"

"सर्वांचं भलं होवो. तू?"

"मीही तेच."

सोमवार, २४ सप्टेंबर

सरांनी दोघांना एकत्र बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर आमचे दोन अर्ज आणि नागपूरच्या मुख्य कार्यालयाचं पत्र.

'दोन्ही उमेदवार एकमेकांचीच शिफारस करीत असल्याचे दिसते. उमेदवारांची स्वतःची इच्छुकता स्पष्ट होत नाही. तसे असल्यास बाहेरून जाहिरात देण्याचा विचार करावा लागेल.'

सर सहसा चढ्या आवाजात बोलत नाहीत. आजही नाही बोलले. नुसतं विचारलं, "मले एक सांगा. तुम्हाले ही जागा पायजे, का एकमेकांशी लग्न करायचं हाये?"

आम्ही जमिनीकडे.

"बाहेरचा कोणी येऊन बसला तर त्याच्या मागे बसून फिराल दोघं. बसा इथंच. लिहा, मी काहून योग्य. एकेक पान."

समोरासमोर बसून लिहायला लावलं. शाळेत शिक्षा झाल्यासारखं. मी लिहिलं, 'सदर पदासाठी मी अधिक योग्य आहे.' सर मागे येऊन उभे. "अधिक म्हणजे कोणापेक्षा?"

"सर, तसं…"

"दोनच माणसं हायेत. नाव लिही."

लिहिलं. 'श्री. प्रेम आडे यांच्यापेक्षा.' अक्षर आईनं पाहिलं असतं तर रागावली असती. समोर प्रेमही लिहीत होता, आणि ज्या रीतीनं तो शाई वाळायला पानावर फुंकर घालत होता, त्यावरून माझं नाव कुठे आलं ते मला कळलं.

परतताना गाडी माझी. तो मागे. यवतमाळची पाटी दिसली. मग म्हणाला, "थांबव जरा."

रस्त्याच्या कडेला थांबवली. बाजूला कोणाची तरी कपाशी, पात्या-फुलं लागलेली.

"मले पायजे बे ही जागा," तो म्हणाला. "लय पायजे. दर मार्चमध्ये करार संपते अन् नवा होईन का नाई, हेच मोजत बसतो मी. तुह्यासमोर म्हणायची लाज वाटे."

"मलापण पाहिजे," मी म्हणालो. "कळंबला तेच मागितलं."

"मले माहीत हाये. तू डोळे लय घट्ट मिटलेते."

इतके हसलो की शेतातून एक माणूस काय झालं बघायला आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. पाहिजे असणं लपवायचं, हेच जास्त जड होतं.

मंगळवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. आईचा फोन. "तुझे आजोबा हेड क्लार्क, बाबा कार्यालय अधीक्षक. काकासुद्धा. आपल्या घरात नुसता राहिलेला तूच." मी म्हणालो, आई, मी नुसता नाही, क्षेत्र अधिकारी आहे. ती म्हणाली, "क्षेत्रात असतोस ना, मग अधिकारी कसला."

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

शंभर गुणांची वाटणी आली. तीन वर्षांचं काम ४०. लेखी अहवाल २०. सादरीकरण आणि मुलाखत ३०. आणि शेवटचे १० — सहकाऱ्याचा अभिप्राय.

आता सहकारी कोण? मला प्रेम, प्रेमला मी. म्हणजे मी ज्याच्याशी लढतोय त्याला गुण मीच द्यायचे, आणि मला तो. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.

बंद पाकिटात द्यायचंय. 'सहकार्य' ५ पैकी, 'विश्वासार्हता' ५ पैकी. जेवणाच्या टेबलावर फॉर्म घेऊन बसलो. दहापैकी दहा द्यावे तर खोटं वाटेल, पुन्हा नागपूरहून पत्र येईल. सात द्यावे तर मी नीच. आठ? आठ म्हणजे सभ्य नीच. शेवटी नऊ. पण एक कुठला कापायचा?

"विश्वासार्हतेत चार देतो," मी भैरवीला म्हणालो. "सकाळी गाडीवर उशिरा येतो."

"उशीर तू करतोस. तो खाली हॉर्न वाजवत असतो, मी ऐकते ना."

मग सहकार्यात कापला. कारण लिहायची जागा होती. बराच विचार करून लिहिलं — 'कधीकधी अतिसहकार्य करतात.' पाकीट चिकटवून टाकलं, नाहीतर पुन्हा उघडलं असतं.

त्यानं मला किती दिले असतील?

सोमवार, ८ ऑक्टोबर

त्यानं पाकीट दिलं. नजरेला नजर दिली नाही. म्हणजे आठ.

रविवार, १४ ऑक्टोबर

पुसदजवळच्या तांड्यावरून प्रेमची आई आली आहे, बसंतीबाई. तो तिला याडी म्हणतो, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. भैरवी आणि मी भेटायला गेलो. प्रेमच्या बायकोनं, रंजितानं, शेव-चिवडा ठेवला. भैरवी आणि रंजिता दोघी एकमेकींच्या साड्यांचं इतकं कौतुक करत होत्या की मला आमचे सप्टेंबरचे दिवस आठवले.

याडीनं सरळ मलाच विचारलं, "तुलेबी तेच पायजे का, जे पिरेमले पायजे?"

मी म्हणालो, "हो याडी."

तिनं जरा विचार केला. "मंग अर्धा दिस तू बस, अर्धा दिस हा बसन."

पदोन्नतीवर इतका समंजस तोडगा अजून कोणी सुचवलेला नाही. उद्या सरांना सांगावा का?

सोमवार, २२ ऑक्टोबर

वाईट दिवस. माझ्यामुळेच.

परवा, बुधवारी, नागपूरला सादरीकरण. ऑफिसात लॅपटॉप एकच. त्याच्यावर दोन फाइली शेजारीशेजारी — 'अवधूत अंतिम' आणि 'प्रेम अंतिम'. माझी उघडायला गेलो आणि बोट शेजारी पडलं. चुकून. पहिल्यांदा चुकून. मग बंद केली नाही, हे चुकून नव्हतं.

चांगली केलीय त्यानं. शेतकऱ्यांचे फोटो, प्रत्येकाचं नाव, कोणी फरदड, म्हणजे हंगामानंतरची कपाशी, ठेवली नाही, कोणी वेळेत कपाशी उपटली. मी इतक्या लोकांना नावानं ओळखत नाही.

आणि मग सहावं पान. सापळ्यांचा तक्ता. कामगंध सापळ्यात नर पतंग येऊन अडकतात. रोज, एका सापळ्यात, आठ पतंग, सलग तीन दिवस — असं झालं की फवारणीचा सल्ला द्यायचा. हा आकडा आम्ही झोपेतही सांगू. प्रेमनं 'रोज' या रकान्यात आठवड्याची बेरीज भरलीय. एकोणपन्नास, बावन्न, सदतीस. नागपूरच्या समितीत एक कीटकतज्ज्ञ बाई आहेत. त्या हे पान पाहताच विचारतील, रोज बावन्न पतंग येत होते तर तुम्ही गप्प का बसलात? खरं तर रोज सातच येत होते. माणूस बरोबर, रकाना चूक.

करारातलं दुसरं कलम — कामाचं काही लपवायचं नाही.

प्रेम समोरच होता, संध्याकाळी पाचला, खिडकीत उभा राहून शिट्टी वाजवत. मी फाइल बंद केली. म्हणालो, "चल, निघू."

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज सांगायचं ठरवलं. सकाळी गाडीवर वारा होता. दुपारी त्याच्या तोंडात घास होता. संध्याकाळी सर होते.

कारणं भारी सापडतात मला.

बुधवार, २४ ऑक्टोबर

सकाळच्या बसनं दोघं. शेजारी शेजारी. लॅपटॉप माझ्या मांडीवर, डबे त्याच्या. त्यालाही काहीतरी झालं होतं. दोनदा म्हणाला, "अवध्या —" आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "बैल."

कळंबला बस थांबली. माणसं चढली-उतरली. मला आता बसवेना.

"प्रेम, तुझ्या सहाव्या पानावर चूक आहे. सापळ्यांची. मी परवाच पाहिली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता उठून दुसऱ्या सीटवर जाईल.

"तुह्या नवव्या पानावर," तो म्हणाला. "वीस बोंडं फोडली, तिनात अळी. पंधरा टक्के होते. तू तीस लिहिले. शनिवारपासून सांगू का नको, सांगू का नको करून राह्यलो."

"शनिवारपासून?"

"तू परवापासून. मी दोन दिस जास्त हरामखोर."

माझ्या घरात तीन पिढ्या आकडे लावत आल्या आणि मी विसात तीन म्हणजे तीस टक्के. त्या बाईंनी मला तिथेच उभं सोललं असतं. दहा टक्क्यांच्या वर धोका, मी तीस दाखवून तालुका बुडवला होता.

कळंब ते वर्धा आम्ही मांडीवर लॅपटॉप घेऊन चुका सुधारल्या. त्याची मी, माझी त्यानं. खड्ड्यात बस आदळली की आकडा पुढे जायचा. शेजारच्या सीटवरच्या मावशींनी विचारलं, "शाळेत मास्तर हा का दोघं?" प्रेम म्हणाला, "नाई मावशी. परीक्षेले चाललो. कॉपी करून राह्यलो."

मुलाखतीत बाईंनी मला शेवटी विचारलं, "निवड आडे यांची झाली तर त्यांच्या हाताखाली काम कराल?" मी म्हणालो, "आनंदाने." बाईंनी काहीतरी लिहिलं. फार लांब नव्हतं.

प्रेमलाही हेच विचारलं म्हणे. तो म्हणाला, "काम तर करीनच मॅडम. आनंदाचं पाहून सांगतो."

बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, असं कोण बोलतं का? तो म्हणाला, "खरं तेच होतं."

गुरुवार, ८ नोव्हेंबर

पाडवा. दोन्ही घरांचं फराळाचं ताट एकमेकांकडे. निकालाचं नाव कोणी काढलं नाही. रंजितानं अनारसे जास्त पाठवले. भैरवीनं लगेच चकल्या वाढवल्या.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

निकाल.

काम — प्रेम ३६, मी ३३. अहवाल — प्रेम ११, मी १७. सादरीकरण आणि मुलाखत — प्रेम २४, मी २२. सहकाऱ्याचा अभिप्राय — प्रेम ९, मी ९.

प्रेम ऐंशी. मी एक्याऐंशी.

सरांनी आमच्यासमोरच कागद ठेवला. मला पहिल्यांदा काय वाटलं ते इथे तरी खरं लिहितो — आनंद. शुद्ध, लहान पोरासारखा. दुसऱ्यांदा वाटलं, नऊ. त्यानंही नऊच दिले.

प्रेमनं हात पुढे केला. "अभिनंदन बे." हात जोरात दाबला. मग कागद उचलून पुन्हा पाहिला. "अहवालात सहा मार्कं," तो म्हणाला. रागानं नाही. "तुह्या घरात तीन पिढ्या कागद लिहून राह्यल्या. मह्या घरात मी पह्यला. सहा मार्कं म्हणजे काही जास्त नाई."

मी कागद त्याच्या हातून घेऊन सरांपुढे ठेवला.

तिसऱ्या कलमाप्रमाणे तो आज तोंड पाडून फिरला. गाडी त्याची होती. मी मागे. त्याच्या पाठीवरूनसुद्धा तोंड पडलेलं कळत होतं.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

आज तो ठीक होता. एकच दिवस, म्हणजे एकच दिवस. मी एका कपात तीन चमचे साखर घातली आणि तो हसला. मीही हसलो. आईला फोन केला, ती रडली. भैरवी म्हणाली, "आता त्याला जप."

सोमवार, ३ डिसेंबर

सरांच्या खुर्चीत पहिला दिवस. खुर्ची एका बाजूला कलते. सर इतकी वर्षं तिरके बसत होते ते त्यामुळे, मला वाटायचं स्वभाव.

प्रेमची दौरा दैनंदिनी सहीला आली. कुठे गेला, किती शेतं पाहिली. 'तपासले' या शब्दाखाली माझी सही. काल-परवापर्यंत याच पानावर आम्ही दोघं सरांच्या सहीची नक्कल करून हसायचो.

शुक्रवार, ७ डिसेंबर

जपतोय. त्याची रजा न वाचता मंजूर केली. जवळची गावं त्याला दिली, लांबची मी घेतली. तो आत आला.

"मले पांगळं समजून राह्यला का तू?"

"नाही रे."

"मंग मही गावं मले दे. तिकडचे धावजीकाका विचारून राह्यले, आडे साहेबाले काय झालं."

परत दिली. तेही मी जरा जास्तच नम्रपणे दिली, असं भैरवीचं म्हणणं.

बुधवार, १९ डिसेंबर

शेतकऱ्यांसमोर तो मला सर म्हणतो. ते ठीक. आज पार्किंगमध्ये आम्ही दोघंच होतो. म्हणाला, "सर, चाबी."

मी वाट पाहिली, आता हसेल म्हणून. त्यानं गाडी सुरू केली.

गुरुवार, २७ डिसेंबर

त्याचा महिन्याचा अहवाल आला. सापळ्यांच्या तक्त्यात पुन्हा तेच. 'रोज'च्या रकान्यात आठवड्याची बेरीज. हा नागपूरला जाणार, खाली माझी सही असणार. लाल पेनानं गोल केला, 'दुरुस्त करून सादर करावे' लिहिलं आणि पाठवून दिला. दुसरं काय करणार होतो?

अर्ध्या तासात दुरुस्त होऊन आला. तो स्वतःच घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि जाता जाता म्हणाला, "पह्यले तू बसमध्ये सांगतलं होतं. आता लाल पेनानं सांगून राह्यला."

चूक तर चूकच होती. मी काही वावगं केलं नाही. दोन्ही वाक्यं दुपारपासून दहादा स्वतःला ऐकवली.

मंगळवार, १ जानेवारी २०१९

चहाच्या टपरीवर गेलो. प्रेम आणि माझ्या जागी नवीन आलेली अनघा, दोघं पोट धरून हसत होते. मी गेल्यावर अनघा उभी राहिली. प्रेम बसूनच राहिला, पण हसणं थांबलं. मी पावसाविषयी बोललो. जानेवारीत.

बुधवार, ९ जानेवारी

प्रेम बदलीचा अर्ज घेऊन आला. पुसद. 'कारण : घरगुती.' शिफारस माझी लागते.

"याडीची तब्येत?" मी विचारलं.

"याडी ठणठणीत हाये." दार लोटून तो समोर बसला. दीड महिन्यात पहिल्यांदा बसला. "इथं राह्यलो तर तुह्यावर रोज जळन मी, अवध्या. कितीबी नको म्हटलं तरी. तिकडं जाऊन एकटाच जळतो जरा. भागलं की येतो."

मी सही केली. या वेळी अक्षर नीट आलं. तारीख टाकायची विसरलो, ती त्यानं सांगितली.